व्याज रेषेच्या वर, लाभांश रेषेच्या खाली

कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफ्याची एक ओळ असते. कच्चा माल, पगार, वीज, घसारा आणि कर्जावरचे व्याज हे सगळे या ओळीच्या वर वजा होते. उरलेल्या रकमेवर कर लागतो आणि कर भरून जे उरते त्यातून भागधारकांना लाभांश मिळतो. व्याज आणि लाभांश ही दोन्ही खरे तर भांडवलाचीच किंमत. एक कर्ज देणाऱ्याला द्यायची, दुसरी शेअर घेणाऱ्याला. पण एक ओळीच्या वर आहे आणि एक खाली, एवढ्या कारणाने त्यांचा करहिशेब पार बदलतो.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी डोळ्यांपुढे आणता येईल. तिला १० कोटी रुपयांचे भांडवल लागते आणि व्याज व कर वजा करण्यापूर्वी वर्षाला २ कोटी रुपये नफा होतो. सवलती सोडून कमी दराचा पर्याय घेतलेल्या देशी कंपनीला २२ टक्के मूळ कर, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के कर पडतो. सगळे भांडवल शेअरचे असेल तर कर होतो सुमारे ५० लाख ३४ हजार, आणि मालकांसाठी १ कोटी ४९ लाख ६६ हजार उरतात. आता याच कंपनीने १० कोटींपैकी ६ कोटी बँकेकडून १० टक्क्यांनी घेतले असे धरू. व्याज ६० लाख. करपात्र नफा १ कोटी ४० लाख, कर सुमारे ३५ लाख २४ हजार. बँकेचे व्याज आणि मालकांचा उरलेला नफा एकत्र केला तर १ कोटी ६४ लाख ७६ हजार होतात. यंत्रे, कामगार, गिऱ्हाईक सगळे तेच. तरीही भांडवल पुरवणाऱ्यांच्या हाती १५ लाख १० हजार जास्त आले. ही रक्कम म्हणजे ६० लाखांच्या व्याजाचे २५.१६८ टक्के. ती कंपनीने कमावलेली नाही, सरकारने सोडलेली आहे.

असे का, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात एका वाक्यात मिळते: व्याज हा नफा मिळवण्यासाठी केलेला खर्च आहे, लाभांश हे मिळालेल्या नफ्याचे वाटप आहे. भारतात हा विचार १९२२ च्या आयकर कायद्यात होता आणि १९६१ च्या कायद्यात तो कलम ३६(१)(iii) म्हणून आला. धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज वजा करून मिळते. लाभांशाला तशी वजावट देणारे कलमच नाही. युक्तिवाद असा, की व्याज नफा होवो न होवो द्यावेच लागते, तर लाभांश देणे-न देणे संचालक मंडळ आणि सभासदांच्या मर्जीवर असते. मर्जीने दिलेल्या रकमेला खर्च कसे म्हणायचे?

एकट्या दुकानदाराच्या बाबतीत हा युक्तिवाद चोख आहे. कोल्हापूरच्या कापड दुकानदाराने निम्मा माल स्वतःच्या पैशाने आणि निम्मा पतपेढीच्या कर्जाने भरला, तर पतपेढीला दिलेले व्याज त्याच्या खिशातून बाहेर जाते. स्वतःच्या पैशावर तो स्वतःलाच व्याज देणार आणि स्वतःच ते वजा करणार, याला अर्थ नाही. त्याच्या पैशावरचा परतावा त्याच्या नफ्यातच मोजला जातो आणि त्यावर कर लागतो तो एकदाच. कर्जाच्या व्याजावरही कर एकदाच, देणाऱ्याकडे वजा आणि घेणाऱ्याकडे जमा. दोन्ही पारडी सारखी.

कंपनी आली की हे समतोल पारडे ढळते, कारण कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचा नफा तिच्या हाती करपात्र आणि तोच नफा लाभांश होऊन भागधारकाकडे गेला की पुन्हा त्याच्या हाती करपात्र. भागधारक आणि कंपनी वेगळे, हे भारतात नीट पक्के केले ते मुंबईच्या एका खटल्याने. बाचा गझदर या महिलेला चहाच्या दोन कंपन्यांकडून १९४९-५० या हिशेबी वर्षात २,७५० रुपये लाभांशाचे उत्पन्न होते. चहा कंपन्यांचे ६० टक्के उत्पन्न शेतीचे धरले जाते आणि त्यावर केंद्राचा आयकर नाही. तेव्हा लाभांशाचाही ६० टक्के भाग शेतीचा धरावा, अशी त्यांची मागणी होती. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. भागधारकाचा कंपनीच्या मळ्यावर किंवा मालमत्तेवर हक्क नसतो. लाभांश त्याला जमिनीतून मिळत नाही, शेअरच्या करारातून मिळतो, असा निर्णयाचा मथितार्थ आहे.

इथे कायद्याची दोन तोंडे दिसतात. लाभांश वजा करू देत नाही तेव्हा कायदा म्हणतो, भागधारक म्हणजे मालक, मालकाला दिलेला पैसा खर्च नव्हे. लाभांशावर दुसऱ्यांदा कर घेतो तेव्हा तोच कायदा म्हणतो, भागधारक कंपनीहून वेगळा, त्याचे उत्पन्न वेगळे. मालक मानायचे तर कर एकदाच लागायला हवा. परका मानायचे तर त्याला दिलेली रक्कम धनकोला दिलेल्या व्याजासारखी खर्चात जायला हवी. या दोन भूमिकांपैकी कोणतीही एक घेतली तरी कर्ज आणि शेअर यांच्यातला फरक बहुतांशी मिटतो. दोन्ही एकदम घेतल्या म्हणून तो उरला आहे.

कायद्याला दुसरी वाट ठाऊक नाही असेही नाही, आणि ती शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्यातल्या एखाद्या पेठेत दोन भाऊ भागीदारीत धंदा करत असतील, तर त्यांच्या भागीदारी पत्रात बहुधा एक कलम असते: भागीदारांच्या भांडवलावर द.सा.द.शे. १२ व्याज दिले जाईल. हे व्याज पेढीच्या नफ्यातून वजा होते. १९९२ च्या वित्त कायद्याने ही सोय केली, तेव्हा मर्यादा १८ टक्क्यांची होती, २००२ पासून ती १२ टक्के सरळव्याज अशी आहे. व्याज भागीदाराच्या हाती करपात्र, आणि पेढीने कर भरून वाटलेला नफा भागीदाराला करमुक्त. म्हणजे मालकाच्या स्वतःच्या भांडवलावरचा ठरावीक परतावा हा खर्च आहे हे आयकर खाते मान्य करते, फक्त धंद्याच्या नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड लागेपर्यंत. त्याच दोन भावांनी पेढीची कंपनी केली की तोच पैसा, तेच दुकान, पण व्याज गेले आणि लाभांश आला.

नुसत्या कंपनीचा कर पाहून मात्र कर्जाकडचा हा कल किती मोठा आहे ते कळत नाही. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ मध्ये दाखवले होते की कर वगैरे काही नसेल तर कर्ज आणि शेअर यांच्या प्रमाणाने कंपनीची किंमत बदलत नाही. १९६३ च्या दुरुस्तीत त्यांनी व्याजाची करबचत हिशेबात धरली आणि कर्जाचे पारडे जड झाले. पुढे १९७७ मध्ये मिलरने एकट्याने आठवण करून दिली की पैसा शेवटी माणसाच्या हाती पोचतो आणि तिथेही कर असतो. तेव्हा कंपनीने कमावलेले १०० रुपये माणसाच्या खिशापर्यंत नेऊनच पाहावे लागतात.

३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या, पण अधिभार न लागणाऱ्या व्यक्तीला उपकरासह ३१.२ टक्के कर पडतो. १०० रुपये व्याज म्हणून तिच्याकडे गेले तर कंपनीचा कर शून्य आणि हाती ६८ रुपये ८० पैसे. तेच १०० रुपये लाभांशाच्या वाटेने गेले तर आधी कंपनीत ७४ रुपये ८३ पैसे उरतात आणि व्यक्तीचा कर जाऊन ५१ रुपये ४८ पैसे. सव्वासतरा रुपयांहून जास्तीचा हा फरक डोळ्यांत भरतो. पण कंपनीने लाभांश दिलाच नाही, नफा धंद्यात ठेवला, त्यामुळे शेअरची किंमत तेवढीच वाढली आणि ती व्यक्ती नोंदणीकृत शेअर वर्षभरानंतर बाजारात विकते, तर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर उपकरासह १३ टक्के होतो. मग हाती ६५ रुपये १० पैसे. व्याजाशी फरक पावणेचार रुपयांहूनही कमी. नफा न वाटता साठवणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांना कर्जाचा मोह तुलनेने कमी का असतो, याचे एक कारण इथे सापडते.

लाभांशावरचा कर भारतात बरेच हेलकावे खात आला आहे. १९९७ पासून २०२० पर्यंत, मधले एक वर्ष सोडता, लाभांश वितरण कर कंपनीकडूनच घेतला जाई आणि भागधारकाला लाभांश करमुक्त असे. हा कर १० टक्क्यांनी सुरू झाला आणि शेवटी प्रत्यक्षात साडेवीस टक्क्यांच्या घरात गेला होता. करमुक्त लाभांश म्हणून वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक होई, पण भागधारकाला न दिसणारा कर त्याच्याच वाट्यातून आधी कापलेला असे. एप्रिल २०२० पासून लाभांश पुन्हा भागधारकाच्या हाती, त्याच्या टप्प्यानुसार करपात्र झाला. या सगळ्या फेरफारात व्याजाची वजावट जागची हललेली नाही.

कर्जाची ही ओढ सर्वांत स्पष्ट दिसते ती मोठ्या कंपन्यांत नव्हे, औद्योगिक वसाहतीतल्या घरगुती कंपन्यांत. चाकणच्या आपल्या कंपनीत संचालक असलेल्या एका भावाला १ कोटी रुपये घालायचे आहेत, आणि त्या पैशावर कंपनी वर्षाला १२ लाख कमावते. शेअर घेतले तर १२ लाखांवर कंपनीचा कर, उरलेल्या ८ लाख ९८ हजारांच्या लाभांशावर त्याचा कर, आणि हाती सुमारे ६ लाख १८ हजार. तेच पैसे त्याने संचालकाचे विनातारण कर्ज म्हणून १२ टक्क्यांनी दिले तर कंपनी १२ लाख व्याज खर्चात टाकते, १० टक्के टीडीएस कापते, आणि सगळा कर भरून त्याच्या हाती ८ लाख २६ हजार येतात. वर्षाला २ लाख ८ हजारांचा फरक, तोही फक्त कागदाचा मथळा बदलून. कंपनीचा सीए हे पहिल्याच बैठकीत सांगतो. आयकर खात्याचा आक्षेप येऊ शकतो तो दरावर. नातेवाइकांना बाजारभावापेक्षा अवाजवी दराने दिलेले व्याज खात्याला नाकारता येते. म्हणून १२ टक्के खपतात आणि २४ टक्के अडकतात.

आणि मग ही कंपनी खेळत्या भांडवलासाठी बँकेत जाते. ताळेबंदात भागभांडवल किरकोळ आणि संचालकांची कर्जे भरमसाट, हे बँक अधिकाऱ्याला लगेच दिसते. तो एक हमीपत्र लिहून घेतो: बँकेचे कर्ज फिटेपर्यंत संचालक आपली रक्कम काढून घेणार नाहीत. तेवढ्यावर ती रक्कम बँकेच्या हिशेबात क्वासी इक्विटी, म्हणजे भांडवलच, धरली जाते. एकाच पैशाला बँक भांडवल म्हणते आणि आयकर विवरणपत्र कर्ज म्हणते, आणि दोघांचेही कागद बिनचूक असतात.

उलट्या बाजूचे उदाहरण प्रेफरन्स शेअरचे, म्हणजे अग्रहक्क भागांचे. ठरावीक दराने लाभांश आणि ठरल्या तारखेला मुद्दल परत, म्हणजे स्वभावाने हे कर्जच. भारतीय लेखामानक ३२ त्याला सक्तीची परतफेड असेल तर दायित्व म्हणते आणि लाभांश वित्तखर्चात दाखवायला लावते. करासाठी मात्र तो लाभांशच राहतो आणि वजा होत नाही. त्यामुळे पुस्तकी नफा आणि करपात्र नफा यांचा ताळा घालताना ही रक्कम परत मिळवावी लागते. एखाद्या कंपनीच्या हिशेबात कर्ज आणि भांडवल यांची सीमा खरोखर कुठे आहे ते तपासायचे असेल, तर नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात: नफा नसला तरी रक्कम द्यावी लागते का, परतफेडीची तारीख आहे का, आणि कंपनी बुडाली तर आधी कोणाला मिळते. संचालकांच्या कर्जाचे पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर बहुतेक वेळा कागदावर एक आणि व्यवहारात दुसरेच असते.

परदेशी मूळ कंपनी आणि तिची भारतीय उपकंपनी यांच्यात तर ओढ आणखी जोराची. दुहेरी कर टाळण्याचा करार असलेल्या देशातल्या मूळ कंपनीला व्याज आणि लाभांश दोहोंवर भारतात १० टक्के कर लागतो असे धरले, तर १०० रुपयांच्या नफ्यातून व्याजाने ९० रुपये बाहेर जातात आणि लाभांशाने ६७ रुपये ३५ पैसे. मूळ कंपनी शेअर कमी आणि कर्ज जास्त देणार हे उघड आहे. म्हणून २०१७ मध्ये कलम ९४ब आले. परदेशी संलग्न संस्थेला दिलेले किंवा तिच्या हमीवर घेतलेल्या कर्जाचे व्याज वर्षाला १ कोटीवर गेले, तर ते व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजा होते. उरलेले आठ वर्षे पुढे ओढता येते. बँका आणि विमा कंपन्या यातून वगळल्या आहेत. देशी बँकेचे किंवा देशी नातेवाइकाचे साधे कर्ज या कलमात येतच नाही. कलम महसूल परदेशी जाऊ नये म्हणून केलेले आहे, कर्जाचा कल मोडण्यासाठी नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे.

करबचतीची दुसरी बाजू नफा आटल्यावर दिसते. चाकणच्या कंपनीच्या मोठ्या गिऱ्हाइकाने मागणी कमी केली आणि २ कोटींचा नफा ५० लाखांवर आला असे समजू. सगळे भांडवल शेअरचे असेल तर ती १२ लाख ५८ हजार कर भरते, लाभांश देत नाही, आणि वर्ष निभावते. ६ कोटींचे कर्ज असेल तर व्याजच ६० लाख, म्हणजे १० लाखांचा तोटा, वर मुद्दलाचे हप्ते. करबचतीचा उपयोग इथे नेमका तुटतो, कारण कर भरायलाच नफा नाही. तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण बँक आठ वर्षे थांबत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक होते. शिवाय बँकेचे व्याज प्रत्यक्ष भरले तरच वजा होते. थकलेले व्याज नव्या कर्जात वळवणे म्हणजे भरणे नव्हे, असे कायदा स्पष्ट सांगतो. त्यामुळे अडचणीतली कंपनी वजावटही गमावते. कल चांगल्या वर्षांत कर्ज घ्यायला लावतो आणि वाईट वर्षांत त्याची मदत काढून घेतो.

ज्यांच्याकडे तारण नाही आणि अजून नफाही नाही त्यांना तर ही सवलत मिळतच नाही. जमीन, शेड आणि यंत्रे असलेल्या कारखान्याला बँक कर्ज देते. संगणक आणि माणसे एवढीच मालमत्ता असलेल्या नव्या कंपनीला शेअर विकूनच पैसा उभा करावा लागतो. करकायदा नकळत जुन्या आणि जड उद्योगांच्या बाजूला झुकतो. २०१८ च्या आसपास भारतीय बँकांची थकीत कर्जे एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांवर गेली, त्यात पायाभूत प्रकल्पांचा आणि पोलाद उद्योगाचा मोठा वाटा होता. त्याचे खापर करावर फोडणे अतिशयोक्ती होईल. जमीन संपादन, रखडलेल्या परवानग्या, ढिली छाननी ही कारणे मोठी होती. पण प्रवर्तकाने स्वतःचे कमी आणि बँकेचे जास्त घालावे, या मोहाला करकायद्याचा आधार होता हेही खरे.

व्याजाची वजावट तत्त्व म्हणून आली असे म्हणावे, तर अमेरिकेचा इतिहास वेगळेच सांगतो. १९०९ च्या तिथल्या कंपनी करात वजावटीला मर्यादा होती, भरणा झालेल्या भागभांडवलाएवढ्या कर्जापुरतीच. ती मर्यादा १९१८ मध्ये उठवली, कारण युद्धकाळातल्या जादा नफ्यावरच्या करात भागभांडवलालाही ठरावीक परतावा मोकळा सोडला जात होता आणि कर्जाला तसेच वागवणे रास्त होते. १९२१ मध्ये जादा नफ्याचा कर रद्द झाला, भागभांडवलाची सवलत त्याच्याबरोबर गेली. व्याजाची मात्र राहून गेली.

कल कमी करण्याच्या वाटा दोनच: व्याजाची वजावट आवळायची किंवा भागभांडवलाला तशीच वजावट द्यायची. ब्राझीलने १९९६ पासून स्वतःच्या भांडवलावरचे व्याज वजा करू दिले. बेल्जियमने २००६ मध्ये भागभांडवलावर सरकारी रोख्यांच्या दराने काल्पनिक व्याज वजा करण्याची सोय केली. कंपन्यांचे कर्जप्रमाण घटले, पण बहुराष्ट्रीय गटांनी तिथे वित्तकंपन्या उघडल्या. एका देशात कर्ज काढून व्याज वजा करायचे, तोच पैसा बेल्जियममध्ये भांडवल म्हणून घालून तिथे पुन्हा वजावट घ्यायची, अशी दुहेरी चैन झाली. २०१८ मध्ये ही सोय फक्त वाढीव भांडवलापुरती ठेवली, आणि २०२३ अखेर ती बंदच झाली. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी अशीच योजना मांडली होती, ती पुढे सरकली नाही.

परदेशी संलग्न संस्थांच्या कर्जावरची मर्यादा सोडली तर भारताने यांपैकी कोणतीच वाट धरली नाही, तरी कल थोडा उतरला तो दुसऱ्याच कारणाने. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीआधी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचे नवे दर जाहीर केले. त्याआधी मोठ्या कंपनीला अधिभार आणि उपकरासह ३४.९४४ टक्के कर पडत असे आणि दर १०० रुपये व्याजामागे जवळपास ३५ रुपये कर वाचे. नवा दर घेतलेल्या कंपनीला २५ रुपये १७ पैसे वाचतात. उद्देश गुंतवणूक वाढवण्याचा होता, पण कराचा दर उतरला की व्याजाच्या वजावटीची किंमत तेवढीच उतरते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी झाली, आणि कंपनीचे व्याज करपूर्व नफ्याच्या ओळीच्या वर, लाभांश खाली, हे जसेच्या तसे राहिले.